हेलिक्सला कौल लावला कोणी?

माझ्या पेपरच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: संकटाच्या वेळी खेळाडू हेलिक्स जीवाश्माचा सल्ला घेत असत. मॅडमनी 'खेळाडू' या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'म्हणजे कोण?' माझं एमएस्सी फिजिक्समधलं. धर्म आणि माध्यमं या विषयाकडे मी उशिरा आले, त्यामुळे मला वाटलं की इथे संदर्भ द्यायचा राहिलाय. संदर्भ दिला. पुढच्या मसुद्यावर पुन्हा तोच प्रश्न. वाक्याचा कर्ताच चुकलाय, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ गेला. फॅन समूहांमधल्या मिथकांवर तुम्ही काही लिहिणार असाल, तर ही चूक तुमच्याकडूनही होण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून ती इथे सविस्तर सांगते.

आधी घडलं काय ते. 'पोकेमॉन रेड' हा गेम १९९६ साली जपानमध्ये गेम बॉयवर आला. एक मुलगा गावोगाव हिंडतो, पोकेमॉन नावाचे प्राणी पकडतो, त्यांच्या लढती लावतो आणि शेवटी चॅम्पियनला हरवतो. हा एकट्याने खेळायचा गेम. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी ऑस्ट्रेलियातल्या एका प्रोग्रॅमरने, आपलं नाव न सांगता, तो ट्विचवर लाइव्ह लावला आणि त्याची बटणं प्रेक्षकांच्या हातात दिली. चॅटमध्ये कोणीही `up`, `down`, `a`, `b`, `start` असं टाइप करायचं. एक छोटा प्रोग्रॅम ते वाचून तेच बटण दाबणार. बस्स, एवढंच. याचं नाव 'ट्विच प्लेज पोकेमॉन'.

चार दिवसांत गर्दी उसळली. एका क्षणी १ लाख २१ हजार लोक एकत्र होते, आणि सगळे मिळून सुमारे ११ लाख ६० हजार जणांनी निदान एक तरी बटण दाबलं. शिवाय पडद्यावर दिसणारं चित्र कित्येक सेकंद शिळं असायचं. तुम्हाला भिंत दिसते म्हणून तुम्ही `left` टाइप करता, तोवर मुलगा कुठल्या कुठे गेलेला असतो. परिणामी तो स्वतःभोवती फिरायचा, कोपऱ्याला धडका द्यायचा आणि दर काही क्षणांनी आपली पिशवी उघडायचा, कारण `start` लिहिणारे हजारो होते.

आता पिशवीकडे बघू, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. गेममध्ये माउंट मून नावाच्या डोंगरात दोन जीवाश्मांपैकी एक निवडावं लागतं. एक गोगलगाईच्या शंखासारखं वळणदार, ते हेलिक्स. दुसरं घुमटासारखं, ते डोम. गर्दीच्या हाती हेलिक्स लागलं. पिशवीतल्या इतर वस्तू अंदाधुंद बटणांमुळे वापरल्या जायच्या नाहीतर फेकल्या जायच्या. हेलिक्स मात्र गेम फेकूच देत नाही. ते वापरताही येत नाही, कारण त्याचा उपयोग खूप पुढे, एका बेटावरच्या प्रयोगशाळेत होतो. त्यामुळे पिशवी उघडली आणि `a` पडला की पुन्हा पुन्हा तेच निवडलं जायचं. ऐन लढाईतसुद्धा. आणि दर वेळी गेम प्राध्यापक ओकच्या तोंडून सांगायचा की ही त्याची वेळ नव्हे.

बघणाऱ्यांनी याला नाव दिलं: मुलगा हेलिक्सचा सल्ला घेतोय. आधी हा विनोद होता. मग हेलिक्स देव झालं, डोम त्याचा शत्रू झाला, देवाची चित्रं आली, प्रार्थना आल्या.

इथे मला आपल्याकडचा कौल आठवतो. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा गुरव आधी गाऱ्हाणं घालतो. लग्न करावं का, जमीन विकावी का, असा प्रश्न ठरलेला असतो. मग मूर्तीला लावलेल्या कळ्या-पाकळ्या कोणत्या बाजूला पडतात ते पाहायचं. पाकळी कुठे पडेल हे कोणाच्या हातात नसतं, पण विचारणारा कोण आणि तो काय विचारतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं. हेलिक्सच्या बाबतीत क्रम उलटा आहे. आधी बटण पडलं, मग त्याला उत्तर मानलं गेलं, आणि प्रश्न सर्वांत शेवटी, बघणाऱ्यांनी तयार केला. विचारणारा कोणी नव्हताच! माझ्या वाक्यातल्या 'खेळाडू'ची अडचण नेमकी ही होती.

हाच उलटा क्रम एका प्रसंगात फार स्वच्छ दिसतो. पुढे जायला पाणी ओलांडू शकेल असा पोकेमॉन हवा होता. ईव्ही नावाच्या प्राण्याला पाण्याचा खडा दिला की तो तसा होतो. दुकानात गर्दीने चुकून आगीचा खडा घेतला आणि ईव्हीचा झाला आगीचा फ्लेरिऑन. निरुपयोगी. त्याला बाजूला ठेवायचं तर कॉम्प्युटरवर जावं लागतं, आणि त्या मेन्यूमध्ये 'ठेवा' आणि 'कायमचं सोडून द्या' हे पर्याय एकाखाली एक आहेत. व्हायचं तेच झालं. सुरुवातीपासून सोबत असलेला चारमेलियन सुटला, पाठोपाठ रॅटाटाही. चारमेलियनचं नाव गर्दीनेच बटणं बडवून `ABBBBBBK(` असं ठेवलं होतं, आणि लोक त्याला लाडाने ॲबी म्हणत.

आता दोष कोणाला द्यायचा? चुकीचं बटण दाबणारे हजारो, त्यातला कोणीही एकटा जबाबदार नाही. गोष्टीला मात्र कर्ता लागतो. मग फ्लेरिऑन 'खोटा प्रेषित' ठरला, डोमने पाठवलेला. ॲबी आणि रॅटाटा हुतात्मे झाले. आधीपासून सगळ्या लढाया जिंकून देणारा पिजॉट हा पक्षी तर मसीहाच, 'बर्ड जीझस'. ही सगळी भाषा ख्रिस्ती परंपरेतली आहे, आणि त्यात गूढ काही नाही: चॅट इंग्रजीत चालत होतं आणि ही पात्रं तिथे न शिकवता सगळ्यांना कळतात. उसनवारी साधारण अशीच होते. श्रद्धा उचलली जात नाही, भूमिका उचलल्या जातात. प्रेषित, हुतात्मा, देवद्रोही अशा रिकाम्या खुर्च्या तयार असतात आणि घटनांना त्यांत बसवता येतं.

त्यातून काम काय झालं, तेही बघा. सहाव्या दिवशी गर्दी एका चक्रव्यूहात अडकली. तेव्हा प्रोग्रॅमरने मतदानाची पद्धत आणली: ठरावीक सेकंदांत ज्या बटणाला सर्वाधिक मतं, तेच दाबलं जाईल. हिला 'लोकशाही' म्हणायचं, आणि जुन्या गोंधळाला 'अराजक'. बऱ्याच जणांना ही फसवणूक वाटली. त्यांनी निषेध म्हणून `start9` लिहायला सुरुवात केली, म्हणजे मेन्यू नऊ वेळा उघडा आणि खेळ रोखून धरा. अखेर कोणती पद्धत चालवायची हेही मतांवरच सोडलं गेलं. लवकरच अराजक हेलिक्सचं झालं आणि लोकशाही डोमची. नियमांवरचा कोरडा वाद आता पंथांचा वाद होता, आणि त्यात बाजू घेणं सोपं झालं. माझ्या मते मिथकाचं या सोळा दिवसांतलं खरं काम हे होतं. चित्रं आणि प्रार्थना त्यामानाने दुय्यम.

आता सिद्धान्ताकडे. इथे बहुतेक जण मॅलिनोव्स्कीला बोलावतात, मीही बोलावलं. त्याचं म्हणणं असं की ट्रोब्रिअंड बेटांवरचे लोक शांत खाजणात मासे धरताना जादूविधी करत नाहीत, खुल्या धोकादायक समुद्रात जाताना करतात. जिथे ताबा सुटतो तिथे विधी येतो. आपल्या प्रकरणाला हे मापून शिवल्यासारखं बसतं, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. मॅलिनोव्स्कीचा मच्छीमार विधी आधी करतो, स्वतः करतो, आणि बुडालो तर जीव जाईल हे त्याला माहीत असतं. इथे विधी मागाहून वाचला गेलाय. साम्य अनिश्चिततेपुरतं आहे. त्यापलीकडे ताणलं की आपण पुन्हा त्याच नसलेल्या कर्त्याकडे येतो.

एक उदाहरण मला विशेष आवडतं. शेवटच्या टप्प्यात लान्स नावाच्या प्रतिस्पर्ध्याचा ६२ लेव्हलचा ड्रॅगनाइट समोर होता आणि गर्दीकडे होता कितीतरी दुबळा व्हेनोमॉथ. ड्रॅगनाइटने त्याच्यावर हल्लाच केला नाही. तो नुसता स्वतःचं संरक्षण आणि वेग वाढवत राहिला, आणि व्हेनोमॉथने त्याला हळूहळू संपवलं. चमत्कार म्हणून याचा जयजयकार झाला. कारण गेमच्या कोडमध्ये आहे. लान्ससारखे प्रतिस्पर्धी समोरच्या प्रकारावर भारी पडणाऱ्या प्रकारची चाल निवडतात, पण ती चाल इजा करते की नाही हे तपासत नाहीत. व्हेनोमॉथ विषारी प्रकारचा, आणि त्यावर भारी पडतो मानसिक प्रकार. ड्रॅगनाइटच्या मानसिक प्रकारच्या चाली दोनच, आणि दोन्ही निरुपद्रवी. म्हणून तो त्याच करत बसला. हे ठाऊक असलेले लोक चॅटमध्येही होते आणि तेही जयजयकारात सामील होते. तेव्हा 'अज्ञानातून मिथक' हे स्पष्टीकरण इथे चालत नाही.

आणखी एक अडचण पुराव्याची. आपल्या हाती आज जे आहे ते मुख्यतः रेडिटवरची चित्रं, कॉमिक्स, विडंबन-प्रार्थना, आणि तीही ज्यांना भरपूर मतं मिळाली तीच वर तरंगतात. चॅट बघाल तर ओळीमागून ओळी फक्त बटणांच्या. बटण दाबणारे आणि अर्थ लावणारे हे दोन गट आहेत. काही माणसं दोन्हीकडे असतील, पण '११ लाख लोकांनी एक धर्म घडवला' हे वाक्य लिहायचा अधिकार आपल्याला नाही.

मग सल्ला खरंच कधी मुद्दाम घेतला गेला का? माझ्या डोक्यातली चाचणी अशी आहे. एका लढाईच्या वेळची चॅटमधली बटणं घ्यायची, त्यांचा क्रम पिसायचा, आणि गेम त्याच जागेपासून हजार वेळा चालवायचा. प्रत्येक वेळी हेलिक्स किती वेळा निवडलं गेलं ते मोजायचं. खरा आकडा त्या पसाऱ्यातच बसला, तर हेतू गृहीत धरायची गरज नाही. सल्ल्याचा विनोद पसरण्याआधीच्या आणि नंतरच्या लढाया अशा तपासल्या आणि फक्त नंतरच्याच पसाऱ्याबाहेर गेल्या, तर गोष्टीने बटणं हलवली असं म्हणता येईल. खड्डे दोन आहेत. चित्र शिळं असल्यामुळे चॅटची वेळ आणि गेमची वेळ जुळवणं किचकट आहे. आणि पिसल्यावर लाटाही मोडतात: पडद्यावर काही दिसलं की हजारो जण एकदम तेच लिहितात, तो परिणाम नाहीसा होतो. म्हणून एकेक ओळ न पिसता काही सेकंदांचे तुकडे पिसायचे, असं सध्या ठरवलंय. तुकडा केवढा घ्यायचा यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही.

१ मार्चला, सोळा दिवस आणि सात तासांनी, गर्दीने चॅम्पियनला हरवलं. दुसऱ्या दिवशी 'पोकेमॉन क्रिस्टल' सुरू झाला. त्या गेमच्या अखेरीस जुन्या गेमचा नायक रेड प्रतिस्पर्धी म्हणून समोर येतो. प्रोग्रॅमरने त्याचे मूळ पोकेमॉन काढले आणि पहिल्या फेरीत गर्दीने जिंकताना वापरलेली फौज त्याच्या हाती दिली. मिथक आता गेमच्या फाइलमध्ये होतं, आणि ते तिथे एका माणसाने, ठरवून ठेवलं होतं. त्या वाक्याला कर्ता आहे. पेपरमध्ये ते मी तसंच ठेवलंय. पहिलं वाक्य मात्र आता असं आहे: पिशवीत वारंवार हेलिक्स निवडलं जाई, आणि बघणाऱ्यांपैकी काही जण त्याला सल्ला म्हणत.