शब्दवेध : वेळ, ती आणि तो

नवोदय विद्यालयांत नववीच्या काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यात शिकायला पाठवतात. अशी हिंदी भाषक मुले वाशिमसारख्या जिल्ह्यात आली, की वसतिगृहाची मराठी सूचना हिंदीतही लावावी लागते. समजा, मूळ सूचना अशी आहे : 'भेटीची वेळ दुपारी ४ ते ६. भेटीचा वेळ १५ मिनिटे.'

मराठी पालकाला यात काहीच खटकत नाही. 'ती' वेळ म्हणजे घड्याळातली जागा, 'तो' वेळ म्हणजे कालावधी. नुसत्या लिंगबदलाने अर्थ किती सरकतो पाहा : जेवायची वेळ झाली म्हणजे ताट वाढा, जेवायला वेळ झाला म्हणजे उशीर झाला. हिंदीत मात्र दोन्ही ओळी 'मिलने का समय' होतात, आणि दुरून आलेला बाप कोड्यात पडतो : दोन तास की पाव तास?

शब्द मूळचा संस्कृत 'वेला', स्त्रीलिंगी. वेला म्हणजे सीमा, समुद्राचा काठ. शिवाय ठरलेला काळ. हिंदीत तिची 'बेला' झाली, पण ती सांजबेलेसारख्या शब्दांत रमली. कचेरीचे काम 'समय'कडे गेले.

भाषांतर करणाऱ्याने आधी विचारावे : इथे 'कधी' आहे की 'किती'? कधी असेल तिथे 'समय', किती असेल तिथे 'अवधि'. म्हणजे 'मिलने का समय : शाम ४ से ६ बजे. मिलने की अवधि : १५ मिनट.' 'दुपारी'चे 'शाम' झालेले चालेल. चार वाजता हिंदीत बहुधा शामच असते.