‘उवाच’ येण्याआधी

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 108वं सूक्त अकरा ऋचांचं आहे. पणींनी गायी पळवून रसा नदीपलीकडे डोंगरात दडवल्या आहेत आणि इंद्राची दूती सरमा माग काढत तिथवर पोचली आहे. सूक्तभर त्यांची बोलाचाली चालते. पण संहितेत ‘पणी म्हणाले’ किंवा ‘सरमा म्हणाली’ असं एकदाही येत नाही. ऋचा संपते, दुसरी सुरू होते आणि बोलणारा बदललेला असतो. ऐकणाऱ्याला हे कळायचं ते मुख्यतः हाकेवरून.

पहिल्याच ऋचेत एक बारीक गोष्ट आहे. तिथे ‘सरमा’ हे नाव प्रथमेत येतं, संबोधनात नाही. ही इथे कशाला आली असेल, असं पणी आधी आपापसात बोलतात आणि त्याच ऋचेत पुढे तिच्याकडे वळून ‘तू’ म्हणतात. दुसऱ्या ऋचेत ‘पणयः’ अशी हाक आहे आणि सोबत ‘वः’, म्हणजे ‘तुमचे’. म्हणजे आता सरमा बोलते आहे. तिसरीत ‘सरमे’ आलं की पाळी पुन्हा पणींची. विषम ऋचा पणींच्या आणि सम सरमेच्या, अशी ही घडी बसते. ती शेवटी मोडते, कारण दहावी आणि अकरावी या दोन्ही ऋचा सरमेच्याच आहेत. दोन्हींत ती पणींना नाव घेऊन ‘दूर निघून जा’ असं बजावते.

‘सरमा’ आणि ‘सरमे’ यांतला फरक डोळ्यांना दिसतो. ‘पणयः’चं तसं नाही. संस्कृतात अनेकवचनाची प्रथमा आणि संबोधन यांचं रूप एकच असतं, त्यामुळे ‘पणी’ आणि ‘पणींनो’ दोन्हींसाठी ‘पणयः’च लिहावं लागतं. मग ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं? वैदिक भाषेकडे त्यासाठी स्वर होता. नामाच्या एका अक्षरावर उदात्त, म्हणजे चढा सूर असतो. तेच नाम चरणाच्या मध्ये हाक म्हणून आलं की हा चढ जातो आणि सगळा शब्द सपाट उच्चारला जातो. हाक चरणाच्या आरंभी असली, तर नामाचा मूळ उदात्त कुठेही असो, चढ पहिल्या अक्षरावर येतो. पाणिनीने हे दोन्ही नियम नोंदवले आहेत. संबोधनाला तो आठवी विभक्ती मानत नाही. त्याच्या मते ती प्रथमाच, फक्त हाकेच्या अर्थाने वापरलेली. अशा पदाला त्याने ‘आमंत्रित’ अशी वेगळी संज्ञा दिली, आणि स्वराचे नियम लावताना वाक्यात आधी आलेलं आमंत्रित जणू नाहीच असं धरायला सांगितलं. हाक वाक्याच्या बांधणीबाहेर राहते हे त्याने किती अचूक हेरलं होतं, ते या एका नियमात दिसतं.

आता सातवी ऋचा पाहा. तिच्यात ‘सरमे’ आहे आणि ‘पणयः’सुद्धा आहे. निव्वळ अक्षरं वाचली तर एकाच ऋचेत दोघांनाही हाक आहे असं वाटेल आणि बोलतंय कोण हेच कळणार नाही. पण इथल्या ‘पणयः’मध्ये ‘ण’वर उदात्त शाबूत आहे. म्हणजे ही हाक नव्हे, हा कर्ता आहे. पणी स्वतःविषयीच सांगताहेत की या ठेव्याची राखण उत्तम राखणदार असलेले पणी करतात. आठवीतही तोच प्रकार. तिथे सरमा बोलते, पण ‘पणयः’ला उदात्त आहे आणि क्रियापद तृतीय पुरुषी आहे: ऋषी येऊन पोचले की पणी हे बोलणं ओकून टाकतील. समोर उभ्या असलेल्यांविषयी ती जणू ते तिथे नाहीतच अशा रीतीने बोलते. त्या वाक्याची सारी जरब याच वळणात आहे, आणि स्वर हरवला तर ते वळण फक्त क्रियापदाच्या आधारावर तगून राहतं.

नवव्या ऋचेत बोलण्याचा सूरच बदलतो. पणी ‘सरमे’ म्हणतात आणि पुढे ‘सुभगे’ अशी गोड हाक घालतात. तुला बहीण करतो, गायींचा वाटा देतो, असं आमिष आहे. संधीमुळे संहितेत इथलं ‘सरमे’ नुसतं ‘सरम’ झालं आहे. पदपाठाने ते पुन्हा सोडवून दाखवलं नसतं तर नवशिक्याला ते ओळखणं अवघडच. दहाव्या ऋचेत सरमा हे नातं साफ नाकारते, आणि तिच्या तोंडी हाक तीच राहते, ‘पणयः’, सपाट स्वरात.

पुढे अनुक्रमणीकारांनी ही सारी ओळख यादीत उतरवली. ‘सर्वानुक्रमणी’चं सूत्र असं की ज्याचं वाक्य तो ऋषी, आणि ज्याच्याविषयी वा ज्याला उद्देशून ते असेल ती देवता. त्यामुळे या सूक्ताच्या पहिल्या नऊपैकी विषम ऋचांचे ऋषी पणी आहेत आणि देवता सरमा. उरलेल्यांत ते उलट होतं. गायी चोरणाऱ्यांना ऋषींच्या यादीत जागा मिळाली, ती ते बोलतात एवढ्याच आधारावर.

या पद्धतीला मर्यादाही आहे. हाकेवरून ऐकणारा कळतो. बोलणारा आपण अंदाजाने ठरवतो. दोघेच असतील तर तो अंदाज चुकत नाही. वृषाकपिसूक्तात (10.86) मात्र इंद्र, इंद्राणी आणि वृषाकपि असे अधिक जण आहेत. तिथे काही ऋचा कुणाच्या तोंडी घालायच्या यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

पुढच्या संस्कृतातून उदात्ताचा चढ गेला आणि हाकेचा एक आधार निखळला. महाभारताच्या पोथ्यांत श्लोकाच्या मापाबाहेर ‘अर्जुन उवाच’, ‘संजय उवाच’ अशा ओळी दिसतात, त्या ही उणीव भरून काढतात. त्यांची गरज किती होती ते गीतेच्या पहिल्या अध्यायातल्या एकविसाव्या श्लोकात दिसतं. पूर्वार्धात ‘महीपते’ आहे, ती संजयाने धृतराष्ट्राला घातलेली हाक. उत्तरार्धात ‘अच्युत’ आहे, ती अर्जुनाने कृष्णाला घातलेली. एका श्लोकात दोन वक्ते, दोन श्रोते. ‘भारत’ तर धृतराष्ट्रालाही लागू पडतं आणि अर्जुनालाही. चोविसाव्या श्लोकात ते धृतराष्ट्रासाठी आहे, कारण तिथे संजयाचं निवेदन चालू आहे. पंचविसाव्यात ‘पार्थ’ विसर्गाशिवाय येतं, म्हणजे कृष्णाची हाक. सव्विसाव्यात ‘पार्थः’ विसर्गासह, म्हणजे पुन्हा संजयाचं निवेदन. सुराचं काम आता विसर्गावर आलं आहे.

आणि विसर्गाचे दोन ठिपके पोथीत सहज गळतात किंवा सहज चढतात. दुसऱ्या अध्यायाच्या नवव्या श्लोकाच्या पूर्वार्धाअखेर काही ठिकाणी ‘परन्तप’ छापलेलं असतं, काही ठिकाणी ‘परन्तपः’. विसर्ग असेल तर ते अर्जुनाचं विशेषण, नसेल तर धृतराष्ट्राला हाक. छंद इथे मदत करत नाही, कारण चरणाचं शेवटचं अक्षर लघू-गुरू कसंही चालतं. अर्थ बघितला तर अर्जुनाचं पारडं जड वाटतं, कारण सहाच श्लोक आधी कृष्णाने त्यालाच ‘परन्तप’ म्हटलं आहे. मला मात्र विसर्गाविना पाठ अधिक खरा वाटतो. लगेच पुढच्या दहाव्या श्लोकात आणि पहिल्या अध्यायाच्या चोविसाव्यात संजय नेमक्या याच जागी, पूर्वार्धाच्या टोकाला, राजाला ‘भारत’ अशी हाक घालतो. आंधळ्या राजाला ‘शत्रूंना ताप देणारा’ म्हणणं एखाद्या लेखनिकाला खटकलं असेल, आणि त्याने ते विशेषण विसर्ग देऊन ज्याला शोभतं त्या अर्जुनाला लावलं असेल.