५६३ चे ७०३ : डोंबिवली ते विमानतळ

१२ जून २०१८. व्यवसायाने वकील असलेल्या एका डोंबिवलीकर महिलेला संध्याकाळी ५.५० च्या विमानाने मुंबईहून चेन्नईला जायचं होतं. विमानतळ ३६ किलोमीटरवर. पुढे हे प्रकरण ठाण्याच्या ग्राहक आयोगात गेलं.

दुपारी ३.२९. उबरची गाडी बुक झाली. अ‍ॅपने भाडं दाखवलं ५६३ रुपये. हा आकडा अंदाजाचा असतो. नकाशावरचं अंतर, त्या वेळच्या रहदारीत लागणारी मिनिटं, मूळ आकार आणि त्या क्षणी गाड्यांची टंचाई असेल तर तिचा गुणक, एवढ्यावर तो काढतात. मुंबईत शिरताना लागणारा टोल वेगळा धरावा लागतो. तेव्हा मुलुंड-ऐरोलीचे नाके छोट्या गाड्यांकडूनही टोल घेत. माफी मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये.

साधारण ३.४३. पुन्हा पुन्हा फोन केल्यावर, चौदा मिनिटांनी गाडी आली. चालक फोनवर बोलत होता. बोलणं संपल्यावरच गाडी हलली. बिलाचं मीटर मात्र गाडी दारात आली म्हणून सुरू होत नाही. चालक त्याच्या मोबाइलवर प्रवास सुरू करतो, तिथून किलोमीटर आणि मिनिटं मोजली जातात. विमानाचं घड्याळ अर्थातच त्याआधीपासून पळत होतं.

वाटेत. चालकाने चुकीचं वळण घेतलं आणि गाडी सीएनजी पंपावर नेली. पंधरा-वीस मिनिटं तिथे गेली. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. चालकाच्या फोनमधलं जीपीएस दर काही सेकंदांनी गाडी कुठे आहे ते सर्व्हरला कळवतं. सर्व्हर ते बिंदू रस्त्यांवर बसवून अंतर जोडत जातो. गाडी पंपाकडे वळली ती गॅससाठी की प्रवाशाच्या सांगण्यावरून, हे बिंदूंना कळत नाही. त्यांच्या लेखी दोन्ही किलोमीटर सारखेच.

हिशेब करून पाहू. दर उदाहरणापुरते घेतो: मूळ आकार ५० रुपये, किलोमीटरला १२, मिनिटाला दीड. ३६ किलोमीटर आणि ८० मिनिटं धरली तर ५० + ४३२ + १२०, म्हणजे ६०२ रुपये. आता वीस मिनिटं पंपावर उभं राहा: ३० रुपये वाढले. वाट चुकून पाच किलोमीटर जास्त पडले, तर आणखी ६०. नुसतं थांबून बिल फारसं फुगत नाही, फिरून फुगतं. म्हणून पावती तपासताना आधी किलोमीटर बघावेत, मग नकाशावरची रेघ. रेघेला कुठे शेपूट फुटलेलं दिसलं, तर तक्रारीचा पुरावा तोच.

५.२३. गाडी विमानतळावर पोचली. उड्डाणाला सत्तावीस मिनिटं उरली होती. विमान चुकलं आणि पुढच्या विमानाचं तिकीट तिला स्वतःच्या पैशांनी काढावं लागलं. बिल आलं ७०३ रुपयांचं.

प्रत्यक्ष प्रवास आणि अंदाज यांत मोठा फरक पडला, की अंदाज बाजूला ठेवून भाडं नव्याने मोजलं जातं. चालकाने प्रवास संपवला की रक्कम ठरते आणि प्रवाशाने वॉलेट जोडून ठेवलं असेल तर त्यातून तिथल्या तिथे वळती होते. ‘बरोबर आहे का?’ असं कोणी विचारत नाही. कार्डाच्या बाबतीत आपल्याकडे हे इतकं सहज नाही. रिझर्व्ह बँकेचा ओटीपीसारख्या दुसऱ्या पडताळणीचा नियम टाळून सुरुवातीला उबर परदेशी यंत्रणेतून कार्डावर आकारणी करत असे. ऑगस्ट २०१४ मध्ये बँकेने अशा व्यवहारांना ३१ ऑक्टोबरची मुदत दिली, आणि नोव्हेंबरात कंपनी पेटीएमच्या वॉलेटकडे वळली. वॉलेटात आधीच पैसे भरलेले, त्यामुळे शेवटी ठरणारी रक्कम ओटीपीविना कापता येते. सोय खरी, पण आकड्यावर हरकत घ्यायची ती पैसे गेल्यानंतरच.

नंतर. तिने ट्विटरवर तक्रार केली आणि कंपनीने १३९ रुपये परत केले. म्हणजे अंदाज आणि बिल यांतला जवळजवळ सगळा फरक. चुकलेल्या विमानाचं काय? आयोगापुढे कंपनीचं म्हणणं असं की आम्ही फक्त चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देतो. आयोगाने ते मानलं नाही. प्रवाशाचा व्यवहार अ‍ॅपशी होतो, पैसेही तो कंपनीलाच देतो, तेव्हा सेवेतली उणीवही कंपनीचीच. २०२२ मध्ये निकाल लागला: मानसिक त्रासाचे १०,००० आणि दाव्याच्या खर्चाचे १०,००० रुपये.