भांदकचा पाऊस आणि ‘नो सूनर’

भद्रावतीच्या शिकवणी वर्गात बारावीच्या पोरांना द्यायला मला एक वाक्य फार आवडतं, कारण त्यातलं स्टेशन सगळ्यांच्या ओळखीचं आहे : ‘ॲज सून ॲज द ट्रेन रीच्ड भांदक, इट बिगॅन टू रेन.’ खाली सूचना असते, ‘नो सूनर... दॅन’ वापरून पुन्हा लिहा, अर्थ बदलू नका. बहुतेक पोरं ‘ॲज सून ॲज’ उचलतात, तिथे ‘नो सूनर’ ठेवतात, स्वल्पविराम पुसून ‘दॅन’ लिहितात आणि पेन खाली ठेवतात : ‘नो सूनर द ट्रेन रीच्ड भांदक दॅन इट बिगॅन टू रेन.’ उत्तर चुकलेलं असतं.

हवं असतं ते ‘नो सूनर डिड द ट्रेन रीच भांदक दॅन इट बिगॅन टू रेन’. नकाराचा शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येऊन बसतं. प्रश्न नसतो, बांधणी मात्र प्रश्नाची होते. मूळ वाक्यात साहाय्यक क्रियापद नाही, म्हणून ‘डिड’ बोलवावा लागतो. आणि भूतकाळ त्याने अंगावर घेतला की ‘रीच्ड’चं ‘रीच’ होतं. इथवर नीट आलेली पोरंही शेवटी ‘दॅन’ऐवजी ‘व्हेन’ लिहितात, कारण ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’बरोबर ‘व्हेन’ येतो आणि पाठांतरात तिन्ही एकाच ओळीत पाठ केलेली असतात. ‘सूनर’ हे ‘सून’चं तुलनेचं रूप आहे, आणि तुलना आली की ‘दॅन’ येणारच, एवढं एकदा दिसलं की ही चूक सहसा परत होत नाही.

या प्रश्नाचं घराणं आपल्याकडे कुठून आलं, तर पोरांच्या आजोबांनी वापरलेल्या एका जाड पुस्तकाकडे बोट जातं. पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचं इंग्रजी व्याकरण 1930च्या दशकात मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी काढलं. रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. फ्रेंच परदेशी पलटणीवरची त्यांची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी 1924 साली गाजली, पण भारतात त्यांचं नाव टिकलं ते व्याकरणामुळे. त्यात वाक्यरूपांतरावर स्वतंत्र प्रकरण आहे : ‘टू’ काढा, तुलनेची पायरी बदला, होकारार्थीचं नकारार्थी करा, उद्गारार्थीचं विधानार्थी करा. आपल्या मराठीच्या पेपरात ‘किती सुंदर देखावा हा!’ याचं विधानार्थी करायला लावतात, तो याच गोतावळ्यातला.

पण मूळ पुरुष याहून कितीतरी जुना आहे. 1512 साली एरॅस्मसने ‘दे कोपिया’ नावाचं लॅटिन पाठ्यपुस्तक छापलं. त्यात त्याने ‘तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला’ एवढंच एक वाक्य घेतलं आणि ते शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवलं. कर्ता बदलला, क्रियापद बदललं, नकारातून होकार काढला, अतिशयोक्ती केली, रूपक घातलं. काही वाक्यं वाचवत नाहीत इतकी फुगवलेली आहेत, पण त्याची त्याला फिकीर नव्हती. पोराच्या हाताशी बोलण्याचे भरपूर पर्याय असावेत, एवढाच त्याचा हेतू होता. तिथे बरोबर उत्तरं जितकी जास्त, तितका विद्यार्थी हुशार.

परीक्षेला नेमकं हेच परवडत नाही. हजारो उत्तरपत्रिका वेगवेगळे परीक्षक तपासतात, आणि एका प्रश्नाची वीस बरोबर उत्तरं निघाली तर वीसही आधी ठरवून ठेवावी लागतात. एरॅस्मसचा पसारा त्यामुळे हळूहळू आवळत गेला. ही आवळाआवळ सगळ्यांत स्वच्छ दिसते ती केंब्रिजच्या परकीयांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत. तिची सुरुवात 1913 साली झाली. पेपर सुमारे बारा तासांचे होते. तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. त्या परीक्षेत फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत आणि उलट असं भाषांतर होतं. पुढे जगभरातून उमेदवार येऊ लागले, तेव्हा प्रत्येकाच्या मातृभाषेचा भाषांतराचा पेपर काढणं आणि तपासणं हे खटाटोपाचं काम झालं. इंग्रजीतून इंग्रजीतच भाषांतर करायला लावलं, तर मराठी, ग्रीक, जपानी सगळ्यांना एकच पेपर पुरतो. माझ्या मते रूपांतराच्या प्रश्नाने भाषांतराची रिकामी खुर्ची पटकावली ती यामुळे.

त्यातही आधी उमेदवाराला अख्खं वाक्य लिहायला लावत : एखादा शब्द ठळक छापायचा, तो बदलायचा नाही, आणि तो वापरून मूळ अर्थाच्या जवळात जवळ जाणारं नवं वाक्य लिहायचं. पुढे नव्या वाक्याची दोन्ही टोकं छापून मध्ये फक्त गाळलेली जागा ठेवू लागले. आता त्या जागेत किती शब्द बसावेत हेही ठरलेलं असतं : ‘फर्स्ट’ या पायरीला दोन ते पाच, ‘ॲडव्हान्स्ड’ला तीन ते सहा, ‘प्रोफिशियन्सी’ला तीन ते आठ. दिलेला शब्द मोजणीत धरतात, आणि ‘डिडन्ट’सारखं जोडरूप दोन शब्दांचं मोजतात.

आपला भांदकचा पाऊस या साच्यात घालून पाहू. मूळ वाक्य : ‘द ट्रेन हॅड ओन्ली जस्ट रीच्ड भांदक व्हेन इट बिगॅन टू रेन.’ दिलेला शब्द : ‘सूनर’. नवं वाक्य ‘नो’ने सुरू होतं, मग गाळलेली जागा, आणि पुढे ‘भांदक दॅन इट बिगॅन टू रेन’. उत्तर ‘सूनर हॅड द ट्रेन रीच्ड’, पाच शब्द. बोर्डाच्या प्रश्नात क्रिया सांगितलेली असते, की अमुक काढ, तमुक घाल. इथे कोणी काही सांगत नाही. शब्द हातात देतात आणि रचना तुम्ही ओळखायची. ‘दॅन’ छापलेला आहे हीच एक खूण. ती दिसली नाही तर ‘ओन्ली जस्ट’ कुठे गेलं हे शोधत पोरगं बसून राहतं, कारण ते शब्द उत्तरात येतच नाहीत; त्यांचं काम ‘नो सूनर’ करतो. गुण दोन, आणि उत्तराचे दोन तुकडे करून एकेक देतात. ‘सूनर हॅड’ जमलं पण पुढे ‘द ट्रेन रीच’ लिहिलं, तर अर्धी कमाई हाती राहते. दिलेला शब्दच बदलला, तर काहीच मिळत नाही.

‘अर्थ तोच ठेवा’ ही अट मात्र दिसते तितकी काटेकोर नाही. ‘द पेपर वॉज मोर डिफिकल्ट दॅन आय हॅड एक्स्पेक्टेड’ हे वाक्य ‘ईझी’ शब्द देऊन बदलायला सांगितलं, तर मधल्या जागेत ‘वॉज नॉट ॲज ईझी ॲज’ हे पाच शब्द बसतात. पहिल्या वाक्यातल्या विद्यार्थ्याला पेपर अवघड जाईल अशी धास्ती आधीपासून असू शकते, फक्त तो त्याहूनही अवघड निघाला. दुसऱ्यातला पेपर सोपा जाईल म्हणून निवांत गेला होता असं वाटतं. हे दोघे एकाच बाकावर बसलेले नाहीत. एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने मला हे दाखवून दिलं आणि विचारलं, ‘‘सर, मंग ह्याले दोन गुण कसे देतेत?’’ मी म्हटलं, देतात, कारण उत्तरतालिका व्याकरणाची अदलाबदल तपासते, विद्यार्थ्याच्या मनातली धास्ती नाही. तिला ते पटलं नाही, पण जागा तिने बरोबर भरली होती.