कर्णबधिर प्रवासी आणि रेल्वेस्थानक (बुलढाणा जिल्हा)

मुंबई–नागपूर लोहमार्गावरची मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही स्थानके बुलढाणा जिल्ह्यात आहेत. जलंबहून खामगावला फाटा जातो. बुलढाणा शहरात रेल्वे नाही, त्यामुळे तिथला प्रवासी एसटीने मलकापूर किंवा शेगाव गाठतो. ज्याला ऐकू येत नाही किंवा कमी येते, त्याला या स्थानकांवर तीन आधार असतात: फलक, मोबाइलवरचा संदेश आणि कर्मचारी. ठरलेली माहिती, म्हणजे गाडीचे नाव, वेळ आणि नेहमीचा फलाट, त्याला बहुतेकदा वाचायला मिळते. अडचण सुरू होते ती ठरलेले बदलल्यावर, कारण बदल सर्वांत आधी भोंग्यावरून सांगितला जातो आणि लहान स्थानकावर पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो. म्हणून स्थानकाची कसोटी तिथे किती फलक आहेत ही नसून बोललेला प्रत्येक बदल त्याच क्षणी लिहिलाही जातो का, ही आहे.

शेगावचे उदाहरण घेऊ. लांब पल्ल्याच्या गाडीला बावीसेक डबे असतात आणि एक डबा साधारण साडेतेवीस मीटरचा, म्हणजे गाडीची लांबी अर्धा किलोमीटर भरते. थांबा दोन मिनिटांचा असेल, तर ताशी पाच किलोमीटरने चालणारा माणूस तेवढ्यात सुमारे १६७ मीटर, म्हणजे सातच डबे ओलांडतो. सामान आणि गर्दी असेल तर त्याहूनही कमी. तेव्हा आपला डबा कुठे लागणार हे गाडी येण्याआधी कळणे त्याच्यासाठी फलाट क्रमांकाइतकेच मोलाचे असते. डबादर्शक दिवे बरोबर लागले असतील तर काम होते. ते बंद असले, किंवा डब्यांचा क्रम उलटा असल्याचे फक्त बोलून सांगितले, तर शेजारचे लोक अचानक चालू लागलेले पाहून त्याला अंदाज बांधावा लागतो. फलाट बदलला तर त्यात पुलाच्या पायऱ्यांची भर पडते. गडबडीत रूळ ओलांडणे कुणासाठीही जिवावरचे आहे. त्याला तर मागून येणाऱ्या गाडीची शिट्टीही ऐकू येत नाही.

मोबाइल हातात असताना फलक कशाला, असा आक्षेप घेतला जातो. १३९ या क्रमांकावर `SPOT 12105` असा संदेश पाठवला की विदर्भ एक्स्प्रेस कुठवर आली ते कळते, पण ती कोणत्या फलाटावर येणार हे त्या उत्तरात नसते. गाडी रद्द झाल्याचा निरोप आरक्षण करताना दिलेल्या मोबाइलवर जातो. तो क्रमांक मुलाचा किंवा एजंटाचा असेल, तर निरोप फलाटावरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. खिडकीवर जनरल तिकीट काढणाऱ्याचा तर क्रमांकच रेल्वेकडे नसतो. शिवाय अनेक जन्मतः कर्णबधिर व्यक्तींची पहिली भाषा खुणांची असते आणि लिखित मराठी त्यांनी नंतर, शाळेत मिळाली तेवढीच, शिकलेली असते. त्यांना लांबलचक वाक्यापेक्षा मोठा अंक आणि बाण लवकर कळतो.

असे प्रवासी मोजकेच, हा दुसरा आक्षेप. २०११च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांनी ७० डेसिबल श्रवणहानी असलेली व्यक्ती कर्णबधिर आणि ६० ते ७० डेसिबल असलेली व्यक्ती कमी ऐकू येणारी ठरते. रेल्वेची भाडेसवलत मात्र ऐकणे आणि बोलणे दोन्ही पूर्णपणे नसलेल्यांसाठीच आहे. त्यामुळे वयोमानाने ऐकू कमी झालेले, गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे आजोबा सवलतीच्या कोणत्याच हिशेबात दिसत नाहीत. आणि शेजारच्या रुळावरून मालगाडी धडधडत गेली की घोषणा कुणालाच ऐकू येत नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. प्रत्येक लहान स्थानकाला लगेच विजेचा फलक मिळणार नाही. पण चौकशी खिडकीजवळचा खडूचा फळाही चालतो, अट एकच: घोषणा करणाऱ्याने आधी लिहावे, मग बोलावे. कर्मचाऱ्यांची मदत मात्र इतकी सोपी नाही. गाडी येण्याच्या वेळी स्टेशन मास्तर सिग्नलच्या कामात गुंतलेला असतो. त्या क्षणी त्याच्याकडून मदतीची अपेक्षा धरणे चूक आहे. मदत त्याआधी ठरायला हवी. प्रवाशाने गाडीचा क्रमांक, डबा आणि 'मला ऐकू येत नाही' हे कागदावर लिहून दाखवावे, आणि त्या पाळीतल्या एका ठरावीक माणसाने, तिकीट तपासनीस किंवा रेल्वे पोलिसाने, बदल झाल्यास त्याच्यासमोर जाऊन बोटांनी फलाटाचा आकडा दाखवावा. यासाठी सांकेतिक भाषा यावी लागत नाही, मात्र तो प्रवासी कुठे बसला आहे हे पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगावे लागते.