‘रचना’ या ओळीचा इतिहास

भूमितीच्या उत्तरपत्रिकेत प्रमेय लिहिताना चार मथळे ठरलेले असतात : पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता. विद्यार्थी यांतल्या सिद्धतेकडे सगळे लक्ष देतात आणि रचनेची ओळ पाठ करून मोकळे होतात. आम्हांला मात्र या चार मथळ्यांत सर्वांत जोखमीची ओळ रचनेचीच वाटते. ती तशी का, हे समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयावरून पाहू. वर्गात ते साधारणपणे असे लिहिले जाते :

पक्ष : △ABC मध्ये AB = AC.
साध्य : ∠ABC = ∠ACB.
रचना : ∠BAC चा दुभाजक काढा. तो BC ला D मध्ये छेदतो.
सिद्धता : △ABD व △ACD यांमध्ये
AB = AC (पक्ष)
∠BAD = ∠CAD (रचना)
AD = AD (सामाईक बाजू)
∴ △ABD ≅ △ACD (बाकोबा कसोटी)
∴ ∠ABD = ∠ACD (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)
म्हणजेच ∠ABC = ∠ACB.

ही मांडणी कोणा परीक्षा मंडळाने शोधून काढलेली नाही. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यात मथळे नाहीत, मजकूर सलग आहे; पण प्रत्येक प्रमेयाची चाल सारखीच आहे. पुढे पाचव्या शतकात प्रोक्लस या भाष्यकाराने ग्रंथाच्या पहिल्या खंडावर टीका लिहिली आणि या चालीचे सहा टप्पे नावानिशी सांगितले. प्रथम सर्वसाधारण विधान. मग अक्षरे देऊन एक ठरावीक आकृती पुढे ठेवणे. हा आपला पक्ष. नंतर ‘मी म्हणतो की’ अशी सुरुवात करून त्या आकृतीविषयीचा दावा. हे आपले साध्य. त्यानंतर रचना, मग सिद्धता, आणि शेवटी मूळ विधान पुन्हा सांगून ‘हेच सिद्ध करावयाचे होते’ हा निष्कर्ष. विधान, सिद्धता आणि निष्कर्ष हे टप्पे कधीच गाळता येत नाहीत, बाकीचे प्रसंगी नसले तरी चालते, असेही प्रोक्लसने नोंदवले आहे. म्हणजे रचना हा ऐच्छिक टप्पा आहे. गरज असेल तरच ती करायची.

आता युक्लिडकडे वळू. समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय हे त्याच्या पहिल्या खंडातले पाचवे विधान. त्याने शिरःकोनाचा दुभाजक काढलेला नाही. AB आणि AC या बाजू त्याने पायाच्या खाली वाढवल्या. वाढवलेल्या भागांवर F आणि G हे बिंदू असे घेतले की AF = AG होईल. मग FC आणि GB जोडल्या. △AFC आणि △AGB हे बाकोबा कसोटीने एकरूप ठरतात. त्यावरून FC = GB आणि ∠AFC = ∠AGB मिळते; शिवाय समान लांबींतून समान लांबी वजा केल्यामुळे BF = CG. म्हणून △BFC आणि △CGB हेही एकरूप होतात, आणि ∠BCF = ∠CBG. आता ∠ACF आणि ∠ABG हे समान आहेत. त्यांतून हे समान कोन वजा केले की पायाचे कोन समान उरतात.

दुभाजकाने चार ओळींत होणारे काम त्याने इतके लांबवले. ही सिद्धता पुढे युरोपातल्या शाळांत ‘गाढवांचा पूल’ म्हणून ओळखली गेली, कारण कच्चे विद्यार्थी येथेच अडत. युक्लिडला सोपी वाट दिसली नसेल काय? त्याच्या विधानांचा क्रम पाहिला की उत्तर मिळते. कोन दुभागता येतो हे तो नवव्या विधानात दाखवतो. त्यासाठी आठवे विधान, म्हणजे आपली बाबाबा कसोटी, लागते. आठवे विधान सातव्यावर उभे आहे, आणि सातव्याच्या सिद्धतेत पाचवे विधान वापरलेले आहे. पाचव्यात दुभाजक काढला असता, तर जे सिद्ध करायचे तेच आडवाटेने आधाराला घेतल्यासारखे झाले असते. हा चक्रदोष होय. तो उत्तरपत्रिकेतल्या एकाही ओळीत दिसत नाही, कारण प्रत्येक ओळ खरीच असते. कंसातल्या कारणाचे कारण, मग त्याचेही कारण, असे मागे मागे गेल्यावरच तो सापडतो.

मग आपली शाळेतली सिद्धता चुकीची आहे का? नाही. प्रत्येक कोनाला माप असते, आणि दिलेल्या मापाचा कोन काढता येतो, हे ज्या पुस्तकात सुरुवातीलाच गृहीत धरलेले असते, तेथे दुभाजक असतो हे त्या गृहीतकातूनच मिळते. पाचव्या विधानाची गरज पडत नाही. तेव्हा एखादी रचना चालेल की नाही, हे आपण कोणत्या गृहीतकांवर उभे आहोत त्यावर ठरते.

विद्यार्थ्यांच्या वह्यांत याच ओळीत आणखी एक चूक वारंवार आढळते : ‘A मधून BC चा लंबदुभाजक काढा.’ ऐकायला हे बरे वाटते. पण A मधून जाणाऱ्या रेषेवर आपण एकच अट घालू शकतो. ती BC ला लंब असावी, किंवा तिने BC दुभागावी, किंवा तिने ∠A दुभागावा. दोन अटी एकदम घातल्या, तर त्या एकत्र जुळतात हे आधी दाखवावे लागेल.

हे पडताळण्यासाठी फळ्यावर एक विषमभुज त्रिकोण काढावा : AB = 5 सेंमी, AC = 7 सेंमी, BC = 8 सेंमी. येथे ∠B नेमका 60° असतो. A मधून काढलेला लंब BC ला B पासून 2.5 सेंमीवर भेटतो, कोनदुभाजक सुमारे 3.3 सेंमीवर आणि मध्यगा 4 सेंमीवर. तीन रेषा, तीन वेगळे बिंदू! समद्विभुज त्रिकोणात या तिन्ही एकच होतात हे खरे. पण ते कळते आपले प्रमेय सिद्ध झाल्यावर. म्हणून विद्यार्थ्यांना एक कसोटी द्यावी. लिहिलेली रचना कोणत्याही त्रिकोणात काढून पाहा. तेथे ती जमत नसेल, तर येथे ती पक्षामुळे का जमते हे सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे.

रचनेवाचून भागत असेल, तर हे प्रश्नच उरत नाहीत. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या पॅपसने या प्रमेयाची अशीच सिद्धता दिली होती. ती आपल्याला प्रोक्लसमुळे कळते. आपल्या मांडणीत ती अशी होईल :

रचना : आवश्यक नाही.
सिद्धता : △ABC व △ACB यांमध्ये
AB = AC (पक्ष)
AC = AB (पक्ष)
∠BAC = ∠CAB (सामाईक कोन)
∴ △ABC ≅ △ACB (बाकोबा कसोटी)
∴ ∠ABC = ∠ACB (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)

एकच त्रिकोण दोनदा वाचला आहे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. ‘त्रिकोण तर एकच आहे, मग दोन कुठले?’ असे विद्यार्थी विचारतात. एकरूपतेसाठी दोन वेगळे त्रिकोण लागतातच असे नाही. A ची A शी, B ची C शी आणि C ची B शी जोडी लावली आहे, एवढेच. या जोडीत बाकोबा कसोटीच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात.

या सिद्धतेला आधार आहे तो फक्त बाकोबा कसोटीचा. युक्लिडने ती कसोटी एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवून दाखवली होती. आकृती उचलून ठेवण्याचा हक्क त्याने कोठे मान्य करून घेतला, असा आक्षेप पुढे घेतला गेला. 1899 साली हिल्बर्टने आपल्या ‘भूमितीचा पाया’ या ग्रंथात या कसोटीचा गाभाच गृहीतकांत घातला, आणि त्यावरून समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय पॅपसच्याच रीतीने, एकही रेषा न वाढवता, सिद्ध केले.

एखाद्या विद्यार्थ्याने उद्या रचनेपुढे ‘आवश्यक नाही’ असे लिहून पॅपसची सिद्धता दिली, तर रचना सुटली म्हणून त्याचा गुण कापू नये. ‘A मधून लंबदुभाजक’ लिहिणाऱ्याचा मात्र कापावा, आणि का कापला ते त्याला 5, 7, 8 च्या त्रिकोणावर दाखवावे.