हस्तांदोलनांची गणना : ऑयलरच्या निबंधातील एक उपप्रमेय

एखाद्या समारंभास जमलेल्या पाहुण्यांनी परस्परांशी हस्तांदोलन केले, आणि प्रत्येकाने आपण किती वेळा हस्तांदोलन केले याची मोजणी ठेवली, तर ज्यांची संख्या विषम येते अशा पाहुण्यांची एकूण संख्या नेहमी समच असते. कोण कोणास भेटला, किती जण कोपऱ्यात एकटेच बसून राहिले, याचा या निष्कर्षाशी काही संबंध नाही. आज हे प्रमेय आलेखशास्त्राच्या पहिल्या पाठात येते. परंतु त्याचा उगम समारंभात नाही. तो पुलांच्या गणनेत आहे, आणि तेथेही ते मुख्य प्रमेय म्हणून नव्हे, तर एका वर्गीकरणातील उणीव भरून काढण्यासाठी अवतरले.

प्रशियातील क्योनिग्सबेर्ग नगरातून प्रेगेल नदी वाहत असे व तिच्या प्रवाहांमुळे नगराचे चार भाग पडले होते. मधले क्नाइपहोफ बेट, दोन्ही तीर आणि पूर्वेकडील दोन प्रवाहांमधील भूभाग असे हे चार भाग सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व नगर फिरून येता येईल काय, हा तेथील नागरिकांचा प्रश्न. लेओनार्ड ऑयलरने त्याचे उत्तर २६ ऑगस्ट १७३५ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडले. निबंध अकादमीच्या १७३६ सालच्या खंडात समाविष्ट झाला. तो खंड प्रत्यक्षात १७४१ मध्ये छापून निघाला.

या निबंधात बिंदू व रेषा यांचा आलेख कोठेही काढलेला नाही. पुढे रूढ झालेली ती आकृती ऑयलरच्या माथी मारणे हा पाठ्यपुस्तकांचा जुना दोष आहे. ऑयलरने भूभागांना अक्षरे दिली आणि प्रवास म्हणजे अक्षरांची एक मालिका मानली. बेटास अ, दोन तीरांस ब व क, आणि पूर्वेकडील भागास ड म्हटले, तर अ मधून ब मध्ये व तेथून ड मध्ये जाणे म्हणजे ‘अबड’. सात पूल ओलांडणाऱ्या प्रवासात आठ अक्षरे असली पाहिजेत. एखाद्या भूभागास तीन पूल लागत असतील तर त्याचे अक्षर मालिकेत दोनदा आले पाहिजे. पाच लागत असतील तर तीनदा. बेटास पाच पूल होते व उरलेल्या तीन भागांस प्रत्येकी तीन. म्हणजे तीन अधिक दोन अधिक दोन अधिक दोन, अशी नऊ अक्षरे लागतात. जागा मात्र आठच आहेत. फेरी अशक्य ठरली.

ऑयलरला एका नगरापुरते उत्तर नको होते. कोणत्याही नगराचा निर्णय विषम पुलांच्या भूभागांच्या संख्येवरून करावा, असा त्याचा नियम आहे : असे भूभाग दोहोंहून अधिक असल्यास मार्ग नाही, दोन असल्यास त्यांपैकी एकापासून निघावे, एकही नसल्यास कोठूनही निघावे. जागरूक वाचकास येथे लगेच शंका येईल. असा भूभाग एकच असला तर काय? नियम त्याविषयी मौन पाळतो. ते मौन समर्थनीय आहे हे दाखवण्यासाठी ऑयलरने नियमापूर्वीच, निबंधाच्या सोळाव्या व सतराव्या परिच्छेदांत, आपले उपप्रमेय सिद्ध केले आहे.

युक्तिवाद असा. प्रत्येक भूभागासमोर त्यास लागणाऱ्या पुलांची संख्या लिहून सर्वांची बेरीज केली, तर ती पुलांच्या एकूण संख्येच्या दुप्पट येते. कारण प्रत्येक पूल त्याच्या दोन्ही टोकांच्या भूभागांत एकेकदा मोजला जातो. बेरीज दुप्पट, म्हणून सम. सम संख्यांची बेरीज समच असते. तेव्हा विषम संख्यांचीही बेरीज सम आली पाहिजे, आणि ते त्यांची संख्या सम असल्याखेरीज घडत नाही. एक, तीन किंवा पाच विषम भूभाग असलेले नगर अस्तित्वातच असू शकत नाही. क्योनिग्सबेर्गमध्ये बेरीज चौदा, म्हणजे साताची दुप्पट. ऑयलरच्या दुसऱ्या, कल्पित उदाहरणात सहा भूभाग व पंधरा पूल आहेत. तेथील संख्या ८, ४, ४, ३, ५ आणि ६. बेरीज तीस येते व विषम भूभाग नेमके दोन.

भूभागांच्या जागी पाहुणे व पुलांच्या जागी हस्तांदोलने ठेवली की समारंभाचे प्रमेय मिळते. अ आणि ब येताना एकदा व निघताना एकदा असे दोनदा भेटले, तरी अडचण नाही. बेट आणि तीर यांमध्येही दोन पूल होतेच. मात्र सर्वांची मोजण्याची रीत एकच हवी. अ ने हस्तांदोलने मोजली आणि ब ने भेटलेली माणसे मोजली, तर अ च्या हिशेबात दोन व ब च्या हिशेबात एक पडेल आणि बेरीज विषम होऊ शकेल. बेरीज विषम आली तर कोणाची तरी मोजणी निश्चित चुकली आहे. सम आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण दोन चुका एकमेकींस झाकतात. क्रिया परस्पर असणेही आवश्यक आहे. नमस्काराला प्रतिनमस्कार मिळालाच पाहिजे असे नाही. म्हणून केवळ केलेले नमस्कार मोजल्यास हा नियम लागू पडत नाही.

निबंधातील एक विसंगती इतिहासकारास उल्लेखनीय वाटावी अशी आहे. हे दुय्यम उपप्रमेय ऑयलरने पूर्ण सिद्ध केले. परंतु विषम भूभाग शून्य किंवा दोन असल्यास मार्ग खरोखरच सापडतो, या मुख्य प्रतिपादनाची पुरी सिद्धता त्याने दिली नाही. ती कार्ल हियरहोल्त्सरच्या नावे त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ साली, प्रसिद्ध झाली.

उपप्रमेयाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते, आणि त्यास क्योनिग्सबेर्गनेच उदाहरण पुरवले. १८७५ च्या सुमारास तेथे ब व क यांना जोडणारा आठवा पूल झाला. ब व क यांच्या संख्या तिनाच्या चार झाल्या. अ व ड पूर्ववत राहिले. विषम भूभाग चारांचे दोन झाले आणि जी फेरी ऑयलरने अशक्य ठरवली होती ती, निघाल्या जागी परत येण्याचा आग्रह सोडल्यास, शक्य झाली. सर्वत्र हेच घडते. नवे हस्तांदोलन नेमक्या दोन पाहुण्यांची समविषमता पालटते. दोघेही सम असतील तर विषमांत दोनांची भर पडते. दोघेही विषम असतील तर दोन वजा होतात. एक सम व एक विषम असेल तर ते केवळ जागा बदलतात. समारंभाच्या आरंभी विषम पाहुणा एकही नसतो, म्हणून पुढे कोणत्याही क्षणी त्यांची संख्या समच राहते.

यातील ‘कोणत्याही क्षणी’ या शब्दांत प्रमेयाची मर्यादा दडलेली आहे. पाहुण्यांची एक रांग कल्पावी. पहिल्याने दुसऱ्याशी हस्तांदोलन केले की दोघे विषम. दुसऱ्याने तिसऱ्याशी केले की दुसरा सम होतो, तिसरा विषम. प्रत्येक पायरीस विषम पाहुणे दोनच : एक रांगेच्या मुखाशी, दुसरा एकेक जागा पुढे सरकणारा. रांग कोठे तरी संपत असेल तर तो अखेरच्या पाहुण्याजवळ थांबतो. रांग अनंत असेल, तर पहिल्यावाचून प्रत्येकाची हस्तांदोलने दोन होतात. विषम असा एकटा पहिलाच उरतो, आणि त्याचा जोडीदार रांगेत कोठेही सापडत नाही.